चेहरा गोल, साखर चढलेली, आणि कोर्टिसॉल मात्र १.४. रिपोर्ट चुकला का?

काचपट्टी (सोमवार, रात्री ९.१०)

लॅबवाल्यांना आणि डॉक्टर मंडळींना प्रश्न आहे. दापोली तालुक्यातल्या एका काकूंचे रिपोर्ट, वय ५८. त्यांना विचारूनच, नावगाव न घालता लिहितोय.

गेल्या सहा-सात महिन्यांत त्यांचा चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय मात्र काटकुळे झाले. दंडावर जरा काही लागलं की निळंजांभळं होतं. नारळ खवून झाल्यावर विळीवरून उठायला भिंत धरावी लागते. बीपी १४४/८८. फिजिशियननी कुशिंगचा, म्हणजे अंगात कोर्टिसॉल जास्त झाल्याचा, संशय म्हणून सकाळी ८ वाजताचं कोर्टिसॉल सांगितलं. ते आलं १.४ मायक्रोग्रॅम. आमच्या किटची सकाळची रेंज साधारण ५ ते २५. तोच नमुना पुन्हा लावला, १.५. कंट्रोल दोन्ही लेव्हलला बरोबर.

बाकीचे आकडे: उपाशीपोटी साखर ११८, जेवणानंतर दोन तासांनी २७१. पांढऱ्या पेशी १३,४००, त्यात न्यूट्रोफिल ८६ टक्के, लिम्फोसाइट १०, इओसिनोफिल शून्य. सोडियम १३८, पोटॅशियम ४.२. ताप नाही.

बघायला गेलं तर कोर्टिसॉल उतू चाललंय, आणि मशीन म्हणतं नाहीच. काकू केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतात. त्यानं घोळ झाला असेल का?

नारळीपोफळी (सोमवार, रात्री ९.३२)

कोर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन. ताण वाढला की ते वाढतं, आणि फार वर्षं वाढलेलं राहिलं की ग्रंथी थकतात, मग कमी होतं. काकूंचं तेच झालेलं दिसतंय. मुलं मुंबईला, घरात एकटं माणूस, काळजी तर असणारच. अश्वगंधा सुरू करा आणि रात्रीचा भात बंद. पोटाचा घेर याच हार्मोननं वाढतो हे तर सगळ्यांना माहीत आहे.

बंदरवाट (सोमवार, रात्री १०.०५)

काचपट्टी, मशीनला दोष देऊ नका. बायोटिननं या जातीच्या चाचणीत कोर्टिसॉल खोटं *जास्त* दिसतं, कमी नाही. तेव्हा तो धागा सोडा.

मला एकच विचारायचंय. काकू गुडघ्यांसाठी काय घेतात?

काचपट्टी (सोमवार, रात्री १०.२१)

फोन करून विचारलं. बाजाराच्या दिवशी एक जण बसतो, त्याच्याकडून पुड्या. रोज सकाळी एक, कोमट पाण्यातून. साधारण आठ महिने. पुडी सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी गुडघे मोकळे झाले म्हणे. "जडीबुटीच आहे, गोळी नाही," म्हणून डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं.

बंदरवाट (सोमवार, रात्री १०.५८)

मग रिपोर्ट चुकलेला नाही. उलट फार बोलका आहे.

तिसऱ्या दिवशी गुडघे मोकळे करणाऱ्या भुकटीत बहुतेक वेळा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन कुटून घातलेलं असतं. ही कोर्टिसॉलचीच कृत्रिम भावंडं, पण काही पटींनी जहाल. २० मिलिग्रॅम हायड्रोकोर्टिसोन, ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन ही ढोबळमानानं एकाच वजनाची. शरीराची रोजची गरज १५ ते २० मिलिग्रॅम हायड्रोकोर्टिसोनमध्ये भागते. म्हणजे चिमूटभर डेक्सामेथासोन दिवसभराच्या गरजेच्या वर जातं.

मेंदूतली पिट्युटरी हे बघते आणि अधिवृक्क ग्रंथींना कामाचा निरोप, म्हणजे एसीटीएच, पाठवणं थांबवते. काकूंचं स्वतःचं कोर्टिसॉल म्हणून १.४. तुमच्या किटची अँटिबॉडी कोर्टिसॉल ओळखते, डेक्सामेथासोन जवळजवळ ओळखत नाही. अंगात माल भरपूर आहे, पण तो तुमच्या तराजूवर चढत नाही. कुशिंग तपासताना आपण रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळचं कोर्टिसॉल १.८ च्या खाली जातं का ते पाहतो ना? ही पुडी तीच चाचणी रोज करते आहे.

पोटॅशियम ४.२ हे त्याला जुळतं. डेक्सामेथासोन मीठ-पाण्याच्या रिसेप्टरवर फारसं काम करत नाही. शरीरातच कोर्टिसॉल भसाभस तयार होत असतं, तर मूत्रपिंडातली ते निष्क्रिय करणारी यंत्रणा अपुरी पडून पोटॅशियम बरेचदा घसरतं. पण याच्यावरून निदान करू नका, नुसता इशारा समजा.

नारळीपोफळी, ताणानं कोर्टिसॉल वाढतं हे बरोबर. पण काळजीनं ग्रंथी थकून १.४ होत नाही. आणि १.४ च्या माणसाला "ताण कमी करा" सांगून घरी पाठवलं, तर पुढच्या जुलाब-उलट्यांत ते दगावू शकतं.

चाकरमानी_गिरगाव (सोमवार, रात्री ११.१५)

म्हणजे जिमवाली पोरं घेतात ते स्टेरॉइड? त्यानं तर अंग भरतं. काकूंचे हातपाय बारीक कसे झाले?

औषधवाली (मंगळवार, सकाळी ७.२०)

ती वेगळी, टेस्टोस्टेरॉनच्या घरातली. नाव एक, काम उलटं. जिमवाली स्नायू बांधतात, ही मोडून खातात.

बंदरवाट (मंगळवार, सकाळी ८.०२)

औषधवालींनी एका ओळीत सांगितलं, त्यात थोडी भर.

पहाटे चारला होडी घेऊन जाणारा खलाशी रात्री आठला जेवलेला असतो. जाळं ओढेपर्यंत बारा-चौदा तास पोटात नवीन काही नाही, तरी त्याला चक्कर येत नाही. त्यामागे पहाटे चढणारं कोर्टिसॉल आहे. मध्यरात्रीच्या सुमाराला ते तळाला असतं, तिथून चढत उठण्याच्या वेळेला माथ्यावर पोचतं. ते यकृताला साखर घडवायला लावतं, त्यासाठीचा कच्चा माल स्नायूंतल्या प्रथिनांतून थोडा थोडा काढतं, आणि स्नायूंना सांगतं की रक्तातली साखर जपून घ्या, मेंदूला लागणार आहे. काम झालं की उतरतं, आणि दिवसभरच्या जेवणातून स्नायूंची झीज भरून निघते.

काकूंच्या अंगात हे उतरणं बंद झालंय. यकृत जेवणानंतरही साखर घडवतंय, स्नायूंचं दार अर्धं बंद, आणि स्वादुपिंडाचं इन्शुलिनही पुरेसं पडत नाही. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूंनी उचलायची असते. म्हणून दुपारी वाटीभर भात आणि आमटी जेवल्यावर २७१, आणि रात्रभराच्या उपवासानंतर फक्त ११८. सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत तर उपाशी साखर अगदी नॉर्मल येते आणि दुपार-संध्याकाळ चढलेली असते. नुसती उपाशी साखर बघून "शुगर नाही" म्हणणं ही इथली नेहमीची चूक. अशांची दुपारच्या जेवणानंतरची बघा.

स्नायूंमध्ये आधी झिजतात ते झटक्यात जोर लावणारे तंतू, तेही खांद्याचे आणि मांड्यांचे. म्हणून चालता येतं, पण विळीवरून उठता येत नाही. हाताची मूठ चांगली असते, वेणी घालताना हात भरून येतात. सीपीके केलंत तर नॉर्मल येईल; त्यावर विसंबू नका. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगा, कळतं.

खाडीकाठ (मंगळवार, सकाळी ९.४०)

माका एक सांगा. मी दम्याचो पंप घेतंय, बुडेसोनाइडचो, दोन वर्षां झाली. ह्या वाचून आता बंद करूचो काय? माझो पण चेहरो जरा भरलोहा.

औषधवाली (मंगळवार, सकाळी १०.१०)

अजिबात बंद करू नका. पंपातलं औषध थेट फुफ्फुसात जातं. जे गिळलं जातं त्यातलं बहुतेक यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. नेहमीच्या डोसला काकूंसारखं चित्र सहसा होत नाही. घेऊन झाल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. फार मोठा डोस वर्षानुवर्षं असेल, किंवा सोबत बुरशीच्या वा एचआयव्हीच्या काही ठराविक गोळ्या असतील, तर गोष्ट वेगळी, डॉक्टरांना दाखवा. चेहरा भरायला मासे-भातही पुरतो.

नारळीपोफळी (मंगळवार, सकाळी ११.२५)

बरं, ग्रंथी थकण्याचं मागे घेते. पण पांढऱ्या पेशी १३,४००, न्यूट्रोफिल ८६. हे तर सरळ इन्फेक्शन आहे. त्याची अँटिबायोटिक कोणीच कशी सुचवली नाही?

पागोळी (मंगळवार, दुपारी १.३०)

आकडा इन्फेक्शनसारखाच दिसतो, फसायला होतं. एरवी बरेच न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात आणि मोजणीत येत नाहीत. स्टेरॉइडनं ते सुटून प्रवाहात येतात आणि परत ऊतींमध्ये शिरत नाहीत. मोजणी वाढली, पण शिपाई सगळे रस्त्यावर, घराच्या आत कोणी नाही. लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल उलट रक्तातून निघून जातात, म्हणून १० आणि शून्य. काचपट्टी, तुम्ही स्मिअर पाहिला असेलच. कोवळ्या बँड पेशी होत्या का?

काचपट्टी (मंगळवार, दुपारी २.०५)

नाही. सगळे पिकलेले न्यूट्रोफिल, टॉक्सिक दाणे नाहीत.

पागोळी (मंगळवार, दुपारी २.४०)

मग आज तरी ते औषधाचंच काम वाटतं. पण नारळीपोफळींची शंका पूर्ण टाकून देऊ नका, कारण अशा माणसात इन्फेक्शन *लपतं*.

शिंगाळ्याचा काटा बोटात घुसला की हात सुजतो, ठणकतो, आणि दोन-चार दिवसांत ओसरतो. सूज हे पेशींनी एकमेकींना घातलेल्या हाकांचं काम. त्या हाका पुरे झाल्या की आवरायचं काम बऱ्याच अंशी कोर्टिसॉलचं. ते नसतं तर साधी सूज अंग मोडून टाकेल. दम्याला पहाटेआधी जोर येतो आणि संधिवाताचे सांधे सकाळी आखडतात, त्याचं एक कारण हेच की रात्री हा ब्रेक सैल असतो. १९४८ साली हेंच यांनी मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती बाई चालायला लागली. १९५० चं नोबेल त्याच्यावर. बाजारातली पुडी तीच जादू दाखवते.

ब्रेक दिवसरात्र दाबून धरला की हाकाच बंद. ताप येत नाही, पोट दुखत नाही, सीआरपीसुद्धा कमी येऊ शकतं, आणि जंतू निवांत वाढतात. आपल्याकडे पहिली काळजी क्षयाची. प्रेडनिसोलोनच्या हिशेबात रोज १५ मिलिग्रॅम किंवा जास्त, महिनाभर किंवा अधिक, ही धोक्याची रेघ मानतात. पुडीत किती आहे ते ठाऊक नाही, म्हणून काकूंच्या छातीचा एक्स-रे आधी, खोकला नसला तरी.

दुसरी गोष्ट कोकणात विसरून चालणार नाही. पावसाळी चिखलात आणि ओल्या वाडीत अनवाणी फिरणाऱ्यांत स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. तो अंगातल्या अंगात पिल्लं वाढवू शकतो. एरवी आपली प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरते. स्टेरॉइडनं ती सैल पडली की अळ्या आतडं सोडून फुफ्फुसात, रक्तात उतरतात, जाताना आतड्यातले जंतू घेऊन जातात. एका शौच तपासणीत तो बरेचदा निसटतो. आणि "इओसिनोफिल वाढलेले नाहीत म्हणजे जंत नाही" हा नेहमीचा तर्क इथे चालत नाही, कारण ते स्टेरॉइडनंच शून्यावर आणलेत.

काचपट्टी (मंगळवार, दुपारी ३.१५)

शौचाचे तीन दिवसांचे नमुने घेतो, ताजे. काकू वाडीत अनवाणीच असतात.

चाकरमानी_गिरगाव (मंगळवार, संध्याकाळी ६.५०)

सगळं वाचलं. मग आजपासून पुडी फेकून द्यायची, एवढं सोपं आहे की. उद्याच गटारात टाकायला सांगा.

बंदरवाट (मंगळवार, संध्याकाळी ७.०५)

थांबा. काचपट्टी, हे काकूंपर्यंत जाऊ देऊ नका.

स्वतःचं कोर्टिसॉल १.४ आहे. बाहेरचं बंद केलं तर अंगात काहीच उरत नाही. आठ महिने निरोप न आल्यामुळे ग्रंथी आक्रसलेल्या असतात. त्या दोन दिवसांत जाग्या होत नाहीत, महिने लागतात, कधी वर्ष. त्यात ताप किंवा उलट्या आल्या तर बीपी आणि साखर दोन्ही कोसळतात. गळून जाणं, मळमळ, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी ही सुरुवात. सलाइन लावून न उठणारं बीपी ही पुढची पायरी. तिथे हायड्रोकोर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही.

पुडीही चालू ठेवायची नाही, कारण प्रत्येक पुडीत किती पडलंय ते घालणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मधला रस्ता असा: फिजिशियन पुडीच्या जागी मोजलेलं औषध देतील, म्हणजे प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकोर्टिसोन, आणि आठवड्या-महिन्यांच्या हिशेबानं उतरवतील. शरीराच्या गरजेइतक्या डोसवर आल्यावर सकाळचं कोर्टिसॉल पुन्हा. तेव्हा आदल्या दिवसाच्या सकाळनंतर गोळी घ्यायची नाही, नमुना दिल्यावरच घ्यायची. नाहीतर प्रेडनिसोलोन तुमच्या किटमध्ये कोर्टिसॉल म्हणून मोजलं जाईल आणि खोटा दिलासा मिळेल. १० च्या वर आलं की ग्रंथी सावरल्या म्हणायचं. ५ च्या खाली असेल तर गोळी चालू आणि काही महिन्यांनी पुन्हा. मधलं आलं तरी गोळी सुरूच ठेवून थांबायचं, घाई नाही.

तोवर ताप आला की त्या दिवसांत डोस दुप्पट, आणि उलटीत गोळी टिकत नसेल तर सरळ दवाखाना. गुडघ्याचं ऑपरेशन किंवा दात काढणं ठरलं तर आधी सांगायचं. हे कागदावर लिहून काकूंच्या पिशवीत ठेवा.

औषधवाली (मंगळवार, रात्री ८.२०)

एक जोडते. साखर २७१ बघून कोणी रात्री ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू केली, तर पहाटे साखर खाली जाईल, कारण यांची रात्र आधीच खालच्या बाजूला आहे. आणि डोस उतरायला लागला की साखरेचं औषधही सोबत उतरवावं लागतं. लोक ते विसरतात.

काचपट्टी (मंगळवार, रात्री ९.००)

सुनेनं अजून एक सांगितलं. पुडी सुरू झाल्यावर पहिले दोन महिने काकू फार उत्साही होत्या. रात्री दोनला उठून भांडी घासायच्या, माळा आवरायच्या. आता झोप तशीच उडालेली, पण चिडतात, मधेच रडतात, गॅसवर ठेवलेलं विसरतात. घरच्यांना वाटतंय म्हातारपण आलं. हेही त्यातलंच का?

बंदरवाट (मंगळवार, रात्री ९.४५)

बहुतेक त्यातलंच. मेंदूत कोर्टिसॉलची दोन कुलपं आहेत. एक थोड्याशा कोर्टिसॉलनंही भरतं. मन ताळ्यावर राहायला ते लागतं. दुसरं फक्त सकाळच्या माथ्याला किंवा संकटाच्या वेळी भरतं. त्यानं माणूस सावध होतो आणि घडलेलं पक्कं लक्षात राहतं. वाटेत फुरसं दिसलं तर ती जागा वर्षभर आठवते, ती त्याच्यामुळे. रात्री दुसरं कुलूप रिकामं राहायला हवं, तरच नीट झोप.

ते सतत भरलेलं राहिलं की आधी झोप उडते आणि उसना उत्साह येतो. महिने गेले की चिडचिड, उदासी, विसरणं. डोसशी नातं जुनं आणि पक्कं आहे: १९७२ च्या बोस्टनच्या पाहणीत प्रेडनिसोलोनच्या जातीचं औषध रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत १.३ टक्क्यांना मानसिक त्रास झाला, ८० च्या वर १८.४ टक्क्यांना. तेही मोठे, दवाखान्यात नोंदलेले त्रास. भांडी घासणं त्यात कोणी मोजत नाही.

डेक्सामेथासोनमध्ये एक गुंता आहे. ते दुसरं कुलूप भरतं, पहिलं जवळजवळ नाही, आणि पहिलं भरणारं स्वतःचं कोर्टिसॉल तर बंद पडलेलं. म्हणजे एक भरून वाहतंय आणि एक कोरडं. मन बिघडण्यात या कोरड्या कुलपाचा हात मोठा असावा असं माझं मत.

पागोळी (मंगळवार, रात्री १०.१०)

इथे मी तुमच्याइतका ठाम नाही. दुसरं कुलूप सतत भरलेलं राहणं आणि झोप उडणं, एवढ्यानंही हे सगळं समजावता येतं. हायड्रोकोर्टिसोनवर आणल्यावर मन सावरलं, तरी ते कोरडं कुलूप भरल्यामुळे की एकूण डोस कमी झाल्यामुळे, हे एका रुग्णावरून ठरत नाही.

बंदरवाट (मंगळवार, रात्री १०.१८)

मान्य. पण घरच्यांना एक आत्ताच सांगून ठेवा: डोस उतरताना मन अजून खाली जाऊ शकतं, अंगही दुखतं, गुडघे परत बोलू लागतात. तेव्हाच लोक लपूनछपून पुडी परत आणतात. "जगून काय करायचं" असा सूर ऐकू आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

काचपट्टी (बुधवार, दुपारी १२.३०)

फिजिशियनना सगळं दाखवलं. पुडी बंद, हायड्रोकोर्टिसोन सकाळी १०, दुपारी ५, संध्याकाळी ५ सुरू केलं. आठवड्यानं बोलावलंय. एक्स-रे आज दुपारी. एसीटीएच सांगितलंय. ते इथे होत नाही, मुंबईला पाठवायचं. कसं पाठवू?

पागोळी (बुधवार, दुपारी १.१०)

ईडीटीएच्या जांभळ्या ट्यूबमध्ये घ्या, लगेच बर्फात, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करा आणि गोठवूनच पाठवा. वाटेत वितळला तर आकडा खोटा कमी येईल, आणि आपण खुश होऊ की बघा, निदान जुळलं! हायड्रोकोर्टिसोन सुरू झाल्यामुळेही आता तो थोडा दबलेला असणार. म्हणून सोबत डीएचईए सल्फेट करा. ते टिकाऊ आहे, साध्या सीरममध्ये चालतं, आणि ग्रंथी बराच काळ झोपलेली असेल तर तेही कमी येतं.

खाडीकाठ (बुधवार, संध्याकाळी ५.४५)

त्या पुड्येचा काय केल्यात? आमच्या बाजारात पण तसलो एक बसता. गटारात टाकूक नको मगे?

औषधवाली (बुधवार, संध्याकाळी ६.३०)

नको. उरलेल्या पुड्या न फोडता, घेतल्याची तारीख लिहून, कोरड्या डब्यात ठेवा. आत काय आहे ते आपल्या लॅबमध्ये कळणार नाही, त्याला मास स्पेक्ट्रोमेट्रीवाली प्रयोगशाळा लागते. अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. आणि तुमच्या बाजारातल्या पुड्या आठ-दहा महिने कोण कोण घेतंय त्यांची नावं काढा. त्यांनाही "फेकून द्या" सांगू नका. पुडी घेऊन दवाखान्यात जा म्हणावं.

काचपट्टी (बुधवार, रात्री ९.५०)

एक्स-रेवर उजवीकडे वरच्या भागात एक डाग आहे, जुना व्रण की नवं काही ते सांगता येत नाही म्हणाले. थुंकी घेतली. खोकला नाही, त्यामुळे नमुना लाळेसारखाच आलाय. उद्या पहाटेचा पुन्हा घेतो.